दोनशे चाळीस देवळांची वर्णने: कॉम्प्रेशन गुणोत्तर, पुनरुक्ती आणि शब्दवारंवारतेचा वक्र यांचे एक प्रकरण

फोंडा तालुक्यातील एका छोट्या प्रकाशनसंस्थेने गोव्यातील देवळांची मराठी मार्गदर्शिका काढायचे ठरवले होते. देवस्थानांची माहिती एका तक्त्यात भरलेली होती: देवळाचे नाव, गाव, तालुका, मुख्य देवता, परिवार देवता, जत्रेची तिथी आणि शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना, ज्यात दंतकथा, एखादी प्रथा किंवा वास्तूचे वेगळेपण नोंदवायचे होते. या तक्त्याच्या एकेका ओळीवरून एका भाषा-मॉडेलकडून सुमारे दीडशे शब्दांचे वर्णन तयार करून घेण्यात आले आणि अशी २४० वर्णने संपादिकेच्या हाती आली. संपादिका म्हणजे निवृत्त मराठी शिक्षिका. त्यांना सगळे बाईच म्हणतात. पहिली काही वर्णने त्यांनी नाव ठेवायला जागा नाही म्हणून बाजूला ठेवली. पुढे मात्र त्यांचा हात थांबू लागला.

“एकेक वाचलं तर व्याकरणाची चूक सापडत नाही,” त्या मला म्हणाल्या. “सलग वाचलं की मात्र एकच देऊळ पुन्हा पुन्हा बघून येते आहे असं वाटतं. हे तुम्हाला मोजून दाखवता येईल का? नुसत्या माझ्या वाटण्यावर मालक पुन्हा खर्च करणार नाहीत.”

मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, हा प्रश्न येथे नव्हताच. ते सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच हे प्रकरण उपयोगी आहे. कॉम्प्रेशन गुणोत्तर, पुनरुक्ती आणि शब्दवारंवारतेचा वक्र या आकडेमोडीच्या साध्या खुणा बहुतेक वेळा लेखक ओळखण्यासाठी वापरल्या जातात आणि तेथे खरे उत्तर हाती नसल्याने आकड्याचा अर्थ काय लावायचा हे अधांतरी राहते. येथे उत्तर आधीच माहीत होते, त्यामुळे खुणा नेमके काय दाखवतात आणि काय दाखवत नाहीत हे तपासता आले.

तुलनेसाठी दोन गठ्ठे घेतले. पहिल्यात संस्थेकडच्या जुन्या स्मरणिकांमधून माणसांनी लिहिलेले देवस्थान-परिचय होते. ते लांबलचक असल्याने दीडशे शब्दांच्या आसपास, वाक्य पूर्ण होईल तेथे, तोडून घेतले आणि एकूण शब्दसंख्या यंत्राच्या गठ्ठ्याएवढी, म्हणजे सुमारे ३६,००० ठेवली. दुसऱ्या, लहान गठ्ठ्यात जत्रोत्सवांच्या निमंत्रण पत्रिका होत्या. हा दुसरा गठ्ठा कशासाठी, ते पुढे येईल.

मोजण्याआधीची साफसफाई

इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम देवनागरीवर जसेच्या तसे चालवले की चुकीचे आकडे येतात, आणि ते चुकीचे आहेत हे चटकन कळतही नाही. पायथनमधील `re` या नेहमीच्या मॉड्यूलमध्ये `\w+` हा नमुना शब्द शोधण्यासाठी सर्रास वापरतात. पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हे त्या नमुन्यात बसत नाहीत. परिणामी ‘गोवा’ या शब्दाचे ‘ग’ आणि ‘व’ असे दोन तुकडे होतात. अशा तुकड्यांचा वारंवारतेचा वक्र काढला तर तोही दिसायला व्यवस्थित उतरता वक्रच असतो. फक्त तो शब्दांचा नसतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: सर्वाधिक वारंवारतेचे वीस ‘शब्द’ छापून पाहावेत. त्यांत ‘आहे’, ‘आणि’, ‘या’ यांच्याऐवजी सुटी व्यंजने दिसली, तर नमुना बदलावा.

दुसरी अडचण खास मराठीची आहे. ‘पुजाऱ्यांचे’ या शब्दातला ऱ्या दोन प्रकारे टंकता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे पडद्यावर न दिसणारे जोडचिन्ह देऊन. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचे नेहमीचे एनएफसी प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. स्मरणिका जुन्या फाँटमधून रूपांतरित झालेल्या असल्याने त्यांत दोन्ही रूपांची सरमिसळ होती, तर यंत्राच्या मजकुरात एकच रूप होते. हे तसेच ठेवले असते तर माणसांचा शब्दसंग्रह कारण नसताना मोठा दिसला असता. म्हणून दुसरे रूप सर्वत्र पहिल्यात बदलून घेतले आणि मगच मोजणी सुरू केली.

कॉम्प्रेशन गुणोत्तर: एकेका वर्णनाचे

कॉम्प्रेशन गुणोत्तर म्हणजे मूळ मजकुराचे बाइट भागिले आवळलेल्या मजकुराचे बाइट. `gzip` आणि `zlib` या मजकूर आवळणाऱ्या प्रोग्रॅमांच्या मुळाशी लेंपेल आणि झिव यांनी १९७७ मध्ये मांडलेली पद्धत आहे: मजकूर वाचत जाताना आत्ताचा तुकडा मागे कोठे आलेला असेल, तर तो पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जा, इतके बाइट उचल’ एवढीच नोंद करायची. उरलेल्या चिन्हांपैकी वारंवार येणाऱ्यांना छोटे आणि क्वचित येणाऱ्यांना मोठे संकेत दिले जातात. पुनरुक्ती जितकी जास्त तितके गुणोत्तर मोठे, हे यावरून उघड आहे. मजकुराचा अर्थ, खरेखोटेपणा किंवा शैली यांच्याशी या यंत्रणेला काही देणेघेणे नाही.

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेते आणि त्यांतील पहिले दोन बाइट जवळजवळ ठरलेलेच असतात. त्यामुळे मराठी मजकूर कॉम्प्रेस करताना गुणोत्तराचा मोठा भाग केवळ या संकेतनामुळे मिळतो. व्हिस्पर या श्रुतलेखनाच्या मॉडेलमध्ये हीच खूण वापरलेली आहे: लिहून काढलेल्या तुकड्याचे गुणोत्तर २.४ च्या वर गेले, तर मॉडेल त्याच त्या शब्दांत अडकले असे समजून तो तुकडा पुन्हा काढला जातो. इंग्रजीसाठी ही मर्यादा ठीक आहे; देवनागरीतला सरळ, निर्दोष परिच्छेद ती सहज ओलांडू शकतो. आमच्या दोन्ही गठ्ठ्यांतली वर्णने, माणसांची आणि यंत्राची, यूटीएफ-8 मध्ये तीन ते चार यांच्या दरम्यान येत होती. कोणी २.४ ची मर्यादा येथे लावली असती, तर स्मरणिकांचे सगळे लेखकही अडकलेले ठरले असते.

यावर उपाय म्हणून मोजण्यापूर्वी प्रत्येक देवनागरी चिन्हाला एकच बाइट दिला. देवनागरीच्या युनिकोड खंडात बरोबर १२८ जागा आहेत आणि एका बाइटचा वरचा अर्धा भागही १२८ जागांचाच असतो, त्यामुळे दोन्ही चपखल जुळतात.

```python
import zlib

def ek_byte(s):
    out = bytearray()
    for c in s:
        k = ord(c)
        if 0x900 <= k <= 0x97F:
            out.append(0x80 + k - 0x900)
        elif k < 0x80:
            out.append(k)
    return bytes(out)

def gunottar(s):
    b = ek_byte(s)
    return len(b) / len(zlib.compress(b, 9))
```

आता दीडशे शब्दांच्या वर्णनाचे गुणोत्तर दीड ते पावणेदोनच्या आसपास आले. आकडा लहान झाला, पण तो आता मजकुराविषयी बोलू लागला. तरीही लांबीचा प्रश्न उरतोच. मजकुराच्या सुरुवातीला मागे पाहायला काहीच नसते, त्यामुळे छोटा मजकूर नेहमी कमी आवळला जातो. शिवाय संकेतांचा तक्ताही त्या फाइलमध्येच साठवावा लागतो आणि लहान मजकुरावर त्याचा भार जास्त पडतो. म्हणून सर्व वर्णनांची पहिली ८०० चिन्हेच मोजायला घेतली. ही तुलना बाईंना सांगताना मी एवढेच म्हटले की शंभर मीटर आणि मॅरेथॉन यांच्या वेळा एकाच यादीत लावत नाहीत.

या मोजणीतून काय मिळाले? फार थोडे. २४० पैकी सात वर्णने इतरांपासून स्पष्टपणे वेगळी पडली. ती उघडून पाहिली तेव्हा मॉडेल एका वाक्यात अडकलेले दिसले: ‘हे मंदिर भाविकांसाठी अत्यंत महत्त्वाचे आहे आणि येथे येणाऱ्या भाविकांसाठी हे मंदिर अत्यंत महत्त्वाचे आहे’ अशी साखळी शेवटपर्यंत चालली होती. पुढचा शब्द निवडताना दर वेळी सर्वांत संभाव्य शब्दच घेतला की मॉडेल असे फेऱ्यात सापडते. एकदा उमटलेले वाक्य पुन्हा उमटण्याची शक्यता प्रत्येक फेरीबरोबर वाढत जाते. अशा वर्णनांसाठी गुणोत्तर हे उत्तम चाळण आहे. पण ती सात वर्णने बाईंनीही पाहताक्षणी बाजूला काढली असती. उरलेली २३३ आणि स्मरणिकांतले तुकडे यांची गुणोत्तरे एकमेकांत पूर्ण मिसळलेली होती. बाईंना जे जाणवत होते ते येथे दिसत नव्हते, आणि दिसणारही नव्हते. कारण त्यांची तक्रार एका वर्णनाच्या आतल्या पुनरुक्तीची नव्हती, वर्णनावर्णनांमधल्या पुनरुक्तीची होती.

गठ्ठ्याचे गुणोत्तर

म्हणून पुढे वर्णने एकापुढे एक जोडून एकत्र आवळली. एक वर्णन साधारण हजार चिन्हांचे धरले, तर वीस वर्णनांची वीस हजार चिन्हे. येथे आणखी एक मर्यादा आड येते, आणि ती मराठीत अधिक जाचते. `gzip` मागे फक्त ३२ किलोबाइटपर्यंतच पाहू शकते. त्याहून जुना मजकूर त्याच्या दृष्टीने विसरलेला असतो. यूटीएफ-8 मध्ये आमचे एक वर्णन सुमारे २,७०० बाइटचे होते, म्हणजे ३२ किलोबाइटच्या या खिडकीत जेमतेम बारा वर्णने मावत होती. शंभराव्या वर्णनाचे वाक्य पंचाहत्तराव्यात आलेले असले तरी ते नवेच म्हणून नोंदले गेले असते. सगळी २४० वर्णने जोडून एकच आकडा काढणाऱ्याला हे कळतही नाही. आकडा येतो, फक्त तो दूरची पुनरुक्ती मोजत नाही. एका बाइटच्या संकेतनामुळे खिडकीत तीसहून अधिक वर्णने मावू लागली आणि वीसच्या गटासाठी ती पुरेशी झाली. मोठ्या गठ्ठ्यासाठी `xz` वापरणे योग्य, कारण त्याची खिडकी अनेक मेगाबाइटची असते.

क्रमाचाही परिणाम होतो. मूळ तक्ता तालुक्यांनुसार लावलेला होता, त्यामुळे शेजारच्या वर्णनांत ‘पेडणे तालुक्यातील’ किंवा ‘काणकोण तालुक्यातील’ हे शब्द आपोआप पुन्हा येत. वर्णने पिसून, यादृच्छिक वीस-वीसचे गट पुन्हा पुन्हा करून त्यांची सरासरी घेतली. माणसांच्या गठ्ठ्याचे गुणोत्तर २.१ च्या आसपास आले आणि यंत्राच्या गठ्ठ्याचे २.९ च्या आसपास. सुटी वर्णने सारखीच आवळली जात होती आणि एकत्र केल्यावर मात्र एवढा फरक पडत होता. याचा अर्थ असा की यंत्राचे दुसरे वर्णन लिहिताना पहिल्याकडून पुष्कळ उसने घेतले जात होते. बाईंची जाणीव पहिल्यांदा कागदावर उतरली ती येथे.

जत्रेच्या पत्रिकांचा गठ्ठा याच वेळी मोजला. तो तीनच्याही पुढे गेला. ‘श्रींच्या पालखीची मिरवणूक’, ‘आरती व तीर्थप्रसाद’, ‘सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून’ ही शब्दरचना प्रत्येक पत्रिकेत आहे, आणि ती असायलाच हवी. त्या सर्व पत्रिका माणसांनी लिहिलेल्या, काही तर संगणक येण्यापूर्वीच्या. गुणोत्तर साचेबद्धता मोजते. साचा यंत्राचा की रूढीचा, हे ते सांगत नाही. एखाद्या स्पर्धेचा परीक्षक ‘गुणोत्तर जास्त, म्हणून मजकूर यंत्राचा’ असा निवाडा देत असेल, तर त्याला ही पत्रिका दाखवावी.

कोणती वाक्ये, किती वर्णनांत

गुणोत्तर ‘किती’ हे सांगते, ‘काय’ ते सांगत नाही. त्यासाठी सलग पाच शब्दांचे तुकडे घेऊन प्रत्येक तुकडा किती वेगवेगळ्या वर्णनांत आला, हे मोजले. एकूण किती वेळा आला हे न मोजण्याचे कारण असे की अडकलेले एखादे वर्णन एकटेच एका तुकड्याची संख्या फुगवते.

पहिल्या फेरीत यादी अपेक्षेपेक्षा लहान आली. कारण नावे. ‘डिचोली तालुक्यातील निसर्गरम्य परिसरात वसलेले’ आणि ‘सत्तरी तालुक्यातील निसर्गरम्य परिसरात वसलेले’ हे वाचणाऱ्याला एकच वाक्य आहे, पण पाच शब्दांच्या मोजणीत ते दोन वेगळे तुकडे ठरतात. मराठीत नावांना प्रत्ययही चिकटतात, त्यामुळे ‘मंगेशाच्या’, ‘शांतादुर्गेच्या’, ‘सातेरीच्या’ अशी प्रत्येक ओळ वेगळी होते. तक्ता हाताशी असल्याने गाव, तालुका आणि देवता यांची सर्व रूपे एका खुणेने झाकली आणि पुन्हा मोजले. मग साचा उघडा पडला. वर्णनाची सुरुवात ‘▢ तालुक्यातील निसर्गरम्य परिसरात वसलेले’ अशी, मध्ये ‘प्राचीन परंपरा आणि स्थापत्यकलेचा सुंदर संगम’, आणि शेवट ‘असंख्य भाविकांचे श्रद्धास्थान बनले आहे’ असा. निम्म्याहून अधिक वर्णनांत या तिन्हींपैकी किमान दोन होते.

यादीतले सगळेच तुकडे दोषी नव्हते. ‘दीपस्तंभ, सभामंडप आणि अग्रशाळा’ ही त्रयी पुन्हा पुन्हा आली, आणि माणसांच्या गठ्ठ्यातही आली, कारण गोव्यातल्या देवळांच्या आवारात ती खरोखरच असते. म्हणून प्रत्येक तुकड्यापुढे दोन्ही गठ्ठ्यांतली संख्या लिहिली आणि यंत्राकडे बरीच जास्त असलेले तुकडेच बाईंकडे पाठवले. अशी तुलनेची यादी नसेल, तर पुनरुक्तीची मोजणी वास्तूलाच दोष देत बसते.

या यादीतला सर्वांत मोलाचा तुकडा मात्र शैलीचा नव्हता. ‘पोर्तुगीज राजवटीत मूर्ती मूळ स्थानावरून हलवून येथे आणण्यात आली’ अशा आशयाचे शब्द कितीतरी वर्णनांत होते. फोंडा तालुक्यातील अनेक देवळांबाबत ते अगदी खरे आहे: सोळाव्या शतकात मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून आणि म्हाळसा वेर्ण्याहून पोर्तुगीज हद्दीबाहेर, अंत्रुज महालात नेण्यात आली. पण हेच वाक्य मोलेजवळच्या जंगलातील तांबडी सुर्ला येथील महादेवाच्या वर्णनातही होते. ते कदंबकालीन दगडी देऊळ आपल्या मूळ जागीच उभे आहे आणि त्याची सारी ओळखच त्यामुळे आहे. मॉडेलला गोव्यातील देवळांविषयी एक दाट सवय होती आणि तक्त्यात त्याविरुद्ध काही लिहिलेले नसेल तेथे त्याने ती सवय चालवली. पुनरुक्तीची यादी अशा रीतीने तथ्यांच्या चुका शोधण्याचे साधनही ठरली. एखादे ठोस विधान शंभर जागी येत असेल, तर ते शंभरही जागी खरे असण्याची शक्यता कमी, म्हणून तपासणीला तेथून सुरुवात करावी. बाईंनी ते वाक्य असलेली सर्व वर्णने काढून घेतली आणि तक्त्याशी ताडून पाहिली. फोंड्याबाहेरच्या अनेक देवळांना ते विनाकारण चिकटले होते.

वारंवारतेचा वक्र

मजकुरातले शब्द वारंवारतेच्या उतरत्या क्रमाने लावले आणि क्रमांक व वारंवारता दोन्ही लॉगरिदमच्या पट्टीवर मांडले की बिंदू साधारण एका उतरत्या सरळ रेषेत येतात. ही झिफने प्रसिद्ध केलेली गोष्ट आहे. दुसऱ्या क्रमांकाचा शब्द पहिल्याच्या साधारण निम्म्या वेळा, दहाव्या क्रमांकाचा सुमारे दशांश वेळा, अशी ही उतरण असते. दीडशे शब्दांच्या एका वर्णनात ती पाहण्यात अर्थ नाही, कारण तेथे बहुतेक शब्द एकदाच आलेले असतात. ती गठ्ठ्याचीच पाहावी लागते, आणि दोन्ही गठ्ठे सारख्या शब्दसंख्येचे असावे लागतात, कारण मजकूर वाढला की वेगळ्या शब्दांचे प्रमाण आपोआप घटते.

रेषेचा उतार काढून दोन्ही गठ्ठ्यांची तुलना करणे हा मोह मोठा आहे. आम्ही तो काढला; दोन्हींचा उतार जवळजवळ सारखाच आला. याचे कारण तांत्रिक आहे. लघुतम वर्गाच्या रीतीने रेषा बसवताना प्रत्येक शब्द म्हणजे एक बिंदू असतो आणि हजारो बिंदू एकदा किंवा दोनदाच आलेल्या शब्दांचे असतात; तेच रेषा आपल्याकडे खेचतात. शिवाय उतार ‘बरोबर’ येणे हा नैसर्गिकपणाचा पुरावाही नाही. अक्षरे आणि मोकळी जागा यदृच्छया टंकत गेले तरी जवळपास अशीच रेषा मिळते, हे जॉर्ज मिलर यांनी १९५७ मध्येच दाखवून दिले होते.

उपयोगी पडले ते दोन्ही वक्र एकावर एक ठेवून पाहणे. वरचा भाग, म्हणजे ‘आहे’, ‘आणि’, ‘या’, ‘हे’ यांचा, दोन्हींत जुळत होता. व्याकरण सर्वांना सारखेच वाकवते. साधारण विसाव्या ते दोनशेव्या क्रमांकाच्या पट्ट्यात यंत्राचा वक्र फुगलेला होता. त्या पट्ट्यातले शब्द छापले तेव्हा ‘निसर्गरम्य’, ‘प्राचीन’, ‘श्रद्धास्थान’, ‘वैशिष्ट्यपूर्ण’, ‘सांस्कृतिक’, ‘वारसा’ हे दिसले. माणसांच्या गठ्ठ्यातही हे शब्द होते, पण बरेच खाली. आणि शेपटीच्या बाजूला यंत्राचा वक्र लवकर संपत होता: माणसांच्या गठ्ठ्यात वेगळ्या शब्दांपैकी सुमारे तीन पंचमांश एकदाच आलेले होते, यंत्राच्या गठ्ठ्यात निम्म्याहूनही कमी. शब्द निवडताना कमी संभाव्यतेचे पर्याय कापून टाकण्याची जी रीत मॉडेलमध्ये वापरतात, तिचा हा अपेक्षित परिणाम आहे. मधले शब्द फुगतात, कारण शेपटीतून काढून घेतलेली संभाव्यता त्यांच्याही वाट्याला येते.

एकदाच आलेल्या शब्दांची यादी मात्र कोणत्याही आकड्यापेक्षा बोलकी होती. स्मरणिकांच्या यादीत ‘राजांगण’, ‘धोंड’, ‘मांड’, ‘वांगड’, ‘कुळागर’, ‘रोंबट’, ‘चवाठा’, ‘वीरभद्र’ असे शब्द होते, कारण लिहिणाऱ्याने ती जत्रा पाहिलेली होती आणि त्या गावचे लोक ज्या नावाने गोष्टी ओळखतात तेच नाव त्याने वापरले होते. शिरगावच्या लईराईच्या जत्रेविषयी लिहिताना ‘धोंड’ हा शब्द टाळताच येत नाही. अग्निदिव्यातून जाणाऱ्या व्रतस्थ भाविकांना तेथे दुसरे नाव नाही. यंत्राच्या वर्णनात त्यांच्या जागी ‘भाविक’ होते.

उष्णता वाढवून पाहिली तेव्हा

संस्थेच्या मालकांनी येथे एक सोपा उपाय सुचवला. मॉडेलचे तापमान, म्हणजे शब्दनिवडीतील सैलपणा ठरवणारी किल्ली, वाढवली तर साचा मोडेल. तक्त्याच्या ६० ओळींवर तसे करून पाहिले. आकडे लगेच सुधारले: गठ्ठ्याचे गुणोत्तर माणसांच्या जवळ आले, सामाईक तुकडे घटले, शेपूट लांबली. वाचल्यावर मात्र चित्र वेगळे होते. एकदाच आलेल्या शब्दांत ‘श्रद्धास्थळिक’, ‘दीपावर्तुळ’ यांसारखी मराठीत नसलेली रूपे शिरली होती. मॉडेल शब्द तुकड्यातुकड्याने जोडते, आणि सैलपणा वाढला की न जुळणारे तुकडेही जोडले जातात. त्याहून गंभीर म्हणजे जत्रेचे महिने बदलले होते आणि काही देवळांना तक्त्यात नसलेली तळी आणि गोपुरे मिळाली होती. तिन्ही मापे पुनरुक्ती आणि विविधता मोजतात. असे यदृच्छया शिरलेले चुकीचे विधान बहुधा नवे असते, त्यामुळे या मापांच्या नजरेत ते गुणच ठरते. आकडा सुधारणे हेच ध्येय ठेवले असते, तर मार्गदर्शिका अधिक खोटी झाली असती.

खरे कारण शोधण्यासाठी प्रत्येक वर्णनातील साचेबद्ध तुकड्यांची संख्या तक्त्यातल्या भरलेल्या रकान्यांशेजारी मांडली. संबंध सरळ होता. ज्या ओळीत ‘शेरा’ कोरा होता तेथील वर्णन साच्याने भरलेले होते. ज्या ओळीत दोन वाक्यांची जरी नोंद होती तेथे साचा पहिल्या आणि शेवटच्या वाक्यापुरता उरला होता. मॉडेलला दीडशे शब्द लिहायला सांगितले होते आणि हाती चाळीस शब्दांचा ऐवज दिला होता. उरलेले एकशे दहा शब्द कोठून तरी यायचेच होते.

“म्हणजे भाषेचा दोष नाही, माहितीचा दुष्काळ आहे,” बाई म्हणाल्या, आणि पुढचा निर्णय त्यांनीच घेतला. अडकलेली सात वर्णने रद्द केली. शेरा कोरा असलेल्या देवळांची यादी वेगळी काढून ती तालुक्यांप्रमाणे माहितगार लोकांकडे पाठवली. ज्यांची नोंद परत आली नाही त्या देवळांना दीडशे शब्दांऐवजी चाळीस शब्दांची नोंदच द्यायची असे ठरले. उरलेल्या वर्णनांची पहिली आणि शेवटची ओळ त्यांनी हाताने बदलली, कारण सामाईक तुकड्यांपैकी बहुतेक त्याच दोन जागी होते.

सुधारित मजकूर पुन्हा मोजला तेव्हा दीडशे शब्दांच्या वर्णनांच्या गठ्ठ्याचे गुणोत्तर २.३ पर्यंत उतरले. ते २.१ पर्यंत आणण्याचा आग्रह धरला नाही: उरलेला फरक कोठून येतो हे सामाईक तुकड्यांच्या यादीत दिसत होते आणि तेथे मुख्यतः तिथी, पालखी आणि दीपस्तंभ हेच होते. चाळीस शब्दांच्या नोंदी या तुलनेतून वगळल्या, कारण एवढ्या लहान मजकुराचे आकडे मोठ्या वर्णनांशेजारी ठेवता येत नाहीत. हीच मार्गदर्शिका पुढे देवनागरी कोंकणीत काढायचा संस्थेचा विचार आहे. तेव्हा एका बाइटचे संकेतन आणि नावे झाकण्याची रीत तशीच वापरता येईल; पण २.१ किंवा तीन पंचमांश हे आकडे तेथे लागू करायचे नाहीत, तर आधी माणसांनी लिहिलेल्या कोंकणी देवस्थान-परिचयांचा तेवढ्याच शब्दांचा गठ्ठा जमवून तो मोजायचा, असे बाईंनी कामाच्या टिपणात लिहून ठेवले आहे.